मागणी आधी, कहाणी मागून

(मुंबईत नोकरीला असलेल्या शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींची बैठक घाटकोपरला झाली. तेथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर जिल्हा बैठकांसाठी छापत आहोत.)



तुमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील विदर्भ-मराठवाड्यात कपाशी आणि ज्वारी काढतात. तुम्ही घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडता. सरकारी कार्यालयाला ईमेल लिहायची वेळ आली की गावाकडून फोन तुम्हालाच येतो, आणि तुम्ही गाडीत उभ्या उभ्या, अंगठ्याने, मनात येईल तसे लिहून पाठवता. अशा कित्येक ईमेलच्या प्रती माझ्याकडे आल्या आहेत. त्यांच्यावरून एक नमुना तयार केला आहे. विषय बियाणे न उगवल्याचा. वाचतो, ऐका.

"माननीय तालुका कृषी अधिकारी साहेब, आपल्या सेवेशी सविनय सादर करतो की आम्ही पिढीजात शेतकरी असून आमची जमीन पूर्णपणे कोरडवाहू आहे. मागील दोन वर्षे नापिकी झाल्याने वडील कर्जबाजारी झाले आहेत. तरी त्यांनी उसनवारी करून यंदा दोन एकरांत कपाशी लावली. दुकानदाराने हे बियाणे एक नंबर आहे, डोळे झाकून न्या, असे सांगितले होते.

17 जूनला चांगला पाऊस झाल्यावर टोकण केली, परंतु आज पाहता काहीच उगवलेले नाही. बांधाला लागून काकांचे रान आहे, त्यांनी त्याच दिवशी दुसरे वाण लावले, ते छान उगवले आहे. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणतो कंपनीला विचारा, आणि कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. वडिलांनी आता काकांकडून पैसे घेऊन येत्या रविवारी पुन्हा लावायचे ठरवले आहे, ट्रॅक्टरही सांगितला आहे.

साहेब, शेतकऱ्याला कोणी वाली नाही. कंपन्या मोठ्या होतात आणि शेतकरी मरतो. तरी आपण या प्रकरणी जातीने लक्ष घालून, शक्य झाल्यास शेतावर येऊन पाहावे व योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती."

यात खोटे काही नाही. पण साहेबांनी नेमके काय करायचे आणि कधीपर्यंत, हे सांगा बरे. मागणी तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात आहे, तीही "शक्य झाल्यास" म्हणून. मुदत तर मुदत म्हणून कुठे लिहिलेलीच नाही. ती दुसऱ्या परिच्छेदात ट्रॅक्टरच्या गोष्टीत दडली आहे. रविवारी रान मोडले की न उगवलेल्या बियाण्याचा पुरावाही मातीत गेला. पाहणी व्हायची तर ती त्याआधीच झाली पाहिजे.

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा हंगामात तालुक्याच्या कार्यालयात एका दिवसात किती अर्ज येत असतील याचा अंदाज करा. फोनवर वाचणाऱ्याला आधी विषय दिसतो आणि पहिली एक-दोन ओळ दिसते. आपल्या पहिल्या ओळीत "सविनय सादर" आणि "पिढीजात शेतकरी". गठ्ठ्यातल्या बाकीच्या अर्जांतही तेच.

आता हा ईमेल पाच वाक्यांत आणू. एकदम कात्री लावायची नाही. ज्वारीची विरळणी करताना आपण आधी कोणते रोप ठेवायचे ते पाहतो, मग शेजारचे उपटतो. इथेही तसेच. मजकूर कागदावर उतरवा आणि तीन गोष्टींखाली रेघ ओढा: काय हवे, कधीपर्यंत हवे, आणि ते खरे असल्याचा पुरावा काय. नमुन्यात रेघ कशाखाली येते? "शेतावर येऊन पाहावे", "येत्या रविवारी", "17 जून", "दोन एकर", आणि काकांचे रान. बस. कर्ज, दुकानदाराचे बोलणे, कंपन्यांवरचा राग, हे सारे रेघेबाहेर राहते.

काकांचे रान बिनकामाचे वाटेल, पण ते काढू नका. पाहणीला तालुक्याची तक्रार निवारण समिती येते. तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा माणूस असतो आणि कंपनीचा प्रतिनिधीही असतो. ओल कमी होती, बी खोल पडले, हे कंपनीचे नेहमीचे उत्तर. त्याच दिवशी, त्याच ओलीवर, बांधापलीकडे दुसरे वाण उगवले असेल तर त्या उत्तराचा जोर निम्मा होतो.

रेघा ओढल्या की काय राहून गेले तेही दिसते. गट क्रमांक नाही. वाणाचे नाव नाही, लॉट क्रमांक नाही. "काहीच उगवले नाही" हा आकडा नव्हे. म्हणून पाठवण्याआधी गावाकडे एक फोन करा. वडिलांना म्हणावे, बांधाजवळच्या ओळी सोडून शेतात दहा ठिकाणी सलग वीस-वीस टोकणी मोजा, आणि किती जागी रोप आहे ते सांगा. काकांच्या रानातही तशीच मोजणी करा. समजा आपल्या रानात 200 पैकी 74 जागी रोप निघाले आणि काकांकडे 171 जागी. म्हणजे आपले 37 टक्के आणि त्यांचे 85 टक्क्यांच्या वर. अर्ध्या तासाचे काम, पण एका परिच्छेदाच्या हळहळीपेक्षा हे दोन आकडे जास्त बोलतात.

आता पाच वाक्ये. विषयाच्या जागी लिहा: "कपाशी उगवण तक्रार, गट क्रमांक 112, पाहणी 4 जुलैपर्यंत हवी." आणि खाली:

"आमच्या गट क्रमांक 112 मधील दोन एकर कपाशीची पाहणी तालुका तक्रार निवारण समितीने शनिवार, 4 जुलैपर्यंत करून पंचनाम्याची प्रत द्यावी, ही वडिलांच्या वतीने विनंती. रविवारी, 5 जुलैला सकाळी दुबार लावणीसाठी रान मोडणार असल्याने त्यानंतर पाहणी शक्य होणार नाही. 17 जूनला टोकण केलेल्या या रानात 29 जूनला मोजलेल्या 200 जागांपैकी 74 जागी रोप आहे, तर त्याच दिवशी टोकलेल्या शेजारच्या रानात दुसऱ्या वाणाची 171 जागी रोपे आहेत. पावती, पिशवीवरील वाण व लॉट क्रमांक आणि दोन्ही रानांचे फोटो जोडले असून रिकामी पिशवी व उरलेले बियाणे घरी जपून ठेवले आहे. पाहणीची वेळ वडिलांच्या मोबाइलवर कळवावी, ते शेतावर हजर राहतील."

त्याखाली वडिलांचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक. संपले.

काय बदलले ते पाहा. मागणी शेवटून पहिल्या वाक्यात आली आणि "शक्य झाल्यास" गेले. "योग्य ती कार्यवाही" सुद्धा गेली. ते शब्द लिहिले की काय योग्य ते कार्यालयाने ठरवायचे, आणि अर्ज दप्तरी दाखल करणे हीही एक कार्यवाहीच असते. समितीने पाहणी करावी आणि पंचनाम्याची प्रत द्यावी असे लिहिले, तर काम झाले की नाही हे कोणालाही सांगता येते.

"रविवार" ची तारीख झाली, आणि लगेच कारण आले. नुसते "लवकरात लवकर" सगळेच लिहितात, ते कोणी मनावर घेत नाही. 4 जुलै का, तर 5 जुलैला रान मोडणार. ही तारीख आपल्या हट्टाची नाही, वापशाची आहे, आणि कृषी खात्यातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

आटोपशीर लिहिताना तीन चुका हमखास होतात. पहिली, गोष्ट कापताना तिच्यात दडलेली तारीखही कापली जाते. ट्रॅक्टरचे वाक्य फालतू म्हणून उडवले की मुदत गेली. दुसरी, पाच वाक्ये म्हणजे पाच मैलांची वाक्ये करतात. एका दमात वाचून झाले नाही तर त्यातला एखादा तपशील जोडपत्रात टाका. तिसरी, दोन मागण्या एकत्र बांधतात, पाहणीही करा आणि नुकसानभरपाईही द्या. भरपाईचा अर्ज वेगळा आणि नंतरचा. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले की सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. पण तिथे उभे राहताना हातात पंचनामा असला तर पाय घट्ट रोवता येतात. म्हणून आज फक्त पंचनामा मागायचा.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. ज्याला प्रकरण माहीत नाही अशा माणसाला, शेजारच्या खोलीतल्याला, मजकूर एकदाच वाचून दाखवा. मग विचारा: कोणी, काय, कधीपर्यंत करायचे आहे? तिन्ही उत्तरे न अडखळता आली तर पाठवा. अडखळला तर तो जिथे अडला तिथेच दुरुस्ती करा.

कापलेला मजकूर फेकू नका. दुकानदार काय म्हणाला, कंपनीला कधी फोन केला, हे तारखांसह वहीत उतरवून ठेवा. समिती आली की ते विचारले जाईल आणि ग्राहक न्यायालयातही लागेल. कर्जाची गोष्ट खरी आहे, पण बियाणे उगवले की नाही हे ठरवताना ती कामाला येत नाही.

आणि ईमेलवर विसंबून बसू नका. तीच पाच वाक्ये कागदावर उतरवून वडिलांनी पंचायत समितीत किंवा तालुका कृषी कार्यालयात द्यावीत आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्यावी. शनिवारपर्यंत कोणी आले नाही तर पेरणी थांबवू नका, हंगाम कोणासाठी थांबत नाही. मात्र मधल्या चार ओळी न मोडता तशाच ठेवा, मोडण्यापूर्वी फोटो काढा, आणि त्या दिवशी पहिल्या ईमेलखालीच एक वाक्य पाठवा: "4 जुलैपर्यंत पाहणी झाली नाही, चार ओळी राखून ठेवल्या आहेत, त्यांची पाहणी 8 जुलैपर्यंत करावी." यातही मागणी आहे आणि तारीख आहे.