सही कोणाची?

भोर आणि वेल्ह्याच्या गावागावांतून एसटीने, दुचाकीने आणि चालत आलेले पालक, आणि आपला नाच कधी लागतो याची वाट पाहत पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्या मुलांनो,

राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी पैशांवर बोलायला उभं राहिलेला पाहुणा तोरण्यावर सापडलेल्या धनाची गोष्ट सांगणार, हे तुम्ही गृहीत धरलं असेल. ती मी सांगणार नाही. त्या धनातून राजगड उभा राहिला असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण सापडलेल्या धनावरून बचत शिकता येत नाही. माझी नोकरी पोस्टात झाली. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी लोकांचे पैसे मोजले, पासबुकं भरली आणि सह्या तपासल्या. त्या खिडकीतून जे दिसलं तेवढंच बोलतो.

दिसलं ते असं. लेकराच्या नावाचं पासबुक घेऊन आई येते किंवा बाप येतो. पैसे भरतात, पैसे काढतात. ज्याच्या नावाचं पासबुक आहे ते लेकरू मात्र कधी येत नाही. बऱ्याच मुलांना आपलं खातं कुठे आहे तेसुद्धा माहीत नसतं. मुलाच्या नावावरचं खातं आणि मुलाचं खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैशाची सवय दुसऱ्यात लागते, पहिल्यात लागत नाही. म्हणून वय कितीही असो, मी एकच प्रश्न विचारतो : या पैशाचा निर्णय कोण घेतंय?

पाच-सहा वर्षांच्या पोराला खातं नको, हिशेब नको. त्याला दुकानात पाठवा. दहाची नोट द्या, सहा रुपयांची वस्तू आणायला सांगा आणि परत आलेले चार रुपये त्याला मोजून दाखवायला लावा. हल्ली दुकानात आई मोबाइल दाखवते, टिंग वाजतं आणि बिस्किटाचा पुडा मिळतो. त्या वयाच्या मुलाला वाटतं, पुडा मोबाइलमधून येतो. नोट हातातून गेली की काहीतरी गेलं हे त्याला कळतं, टिंग वाजून गेलेलं कळत नाही. म्हणून निदान दुसरीपर्यंत मुलांसमोर थोडे रोख पैसे वापरा, एवढंच माझं म्हणणं.

खरी मेख आहे ती पुढच्या तीन-चार वर्षांत. शहरातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की मुलाला दर आठवड्याला ठराविक पॉकेटमनी द्यावा. आपल्याकडे घरात पैसा आठवड्याने येत नाही. भात निघालं की येतो, दूध गेलं की येतो, कुणी पुण्याहून पाठवला की येतो. आपल्या मुलांचा पैसाही तसाच येतो. पाहुणे निघताना हातावर पन्नास ठेवतात, जत्रेला शंभर मिळतात, भाऊबीजेची ओवाळणी येते, मे महिन्यात गडाच्या वाटेवर करवंदांचे द्रोण विकून काही सुटतात. आणि मग आई म्हणते, “दे इकडे, ठेवते तुझ्यासाठी.” (इथे पालक हसतायत, मुलं हसत नाहीयेत. बघून घ्या.)

ठेवायला हरकत नाही. आई ही मुलाची पहिली बँक आहे, आणि बँकेत पासबुक असतं. एक चाळीस पानी वही घ्या. तारीख, कुणी दिले, किती दिले, किती काढले, शिल्लक किती, एवढे रकाने आखा. लिहायचं मुलाने, शेजारी सही आईने करायची. जूनमध्ये बियाणं आणि खत घ्यायला घरात पैसे कमी पडले आणि वहीतले तीनशे वापरावे लागले, तर वापरा. शेतकऱ्याच्या घरात हे होणारच, त्यात लाजायचं काय? फक्त ते मुलाला विचारून घ्या, ‘उसने ३००’ असं वहीत लिहा आणि भात विकल्यावर त्याच्यासमोर मोजून परत करा. आठ वर्षांच्या मुलाला यातून बचत समजते, कर्ज समजतं आणि घरचा हंगामही समजतो. न विचारता घेतलेले आणि न लिहिता विसरलेले तीनशे रुपये त्याला वेगळंच शिकवतात : पैसा हातात आला की लगेच खर्चून टाकावा, नाहीतर कुणीतरी नेईल. उधळ्या म्हणून ज्याला आपण रागावतो, त्या पोराचं बऱ्याचदा एवढंच म्हणणं असतं.

गुरुजींनाही एक सांगायचं आहे. शाळाशाळांत आता बाल आठवडी बाजार भरतो, फार चांगली गोष्ट आहे. मुलं घरची मेथी, कोथिंबीर, वडापाव विकतात आणि ‘दोनशे रुपये नफा झाला’ म्हणून सांगतात. तो नफा नसतो, ती विक्री असते. मेथीच्या वीस जुड्या दहा रुपयांनी गेल्या तर दोनशे आले. त्याच जुड्या आईने बाजारात पाच रुपयांनी दिल्या असत्या, तर त्यातले शंभर आईचे. ते आधी आईच्या हातावर ठेवायचे, उरलेल्या शंभरांवर पोराचा हक्क. हा हिशेब फळ्यावर त्याच दिवशी झाला, तर बाजार भरवल्याचं चीज होतं.

आता दहावं वर्ष. मुलांनो, नीट ऐका, हे तुमच्यासाठी आहे. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता येतं आणि चालवता येतं. पोस्टात ही सोय जुनी आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट सूचना काढल्या. दहाच्या खाली असाल तर पालक खातं चालवतील, आणि तिथे आईही पालक म्हणून चालते. दहाच्या वर असाल तर बँक स्वतःच्या मर्यादा घालून तुम्हाला व्यवहार करू देऊ शकते. उधारी मात्र नाही, खात्यात आहे तेवढंच काढायचं. स्टेट बँकेत अशा मुलांसाठी वेगळं खातं आहे, त्याची एक अट मला फार आवडते : मुलाला दरवेळी एकसारखी सही करता आली पाहिजे. म्हणजे पाचवीतल्या मुलाचा पहिला गृहपाठ हाच. नक्षीदार सही नको, स्वतःचं नाव सावकाश, दरवेळी तसंच.

पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं. ते ५०० खात्यात राहूच द्यावे लागतात. शिल्लक ६२० झाली तर १२० काढता येतात. पुढे दहा रुपयेसुद्धा भरता येतात. व्याज वर्षाला ४ टक्के, म्हणजे पाचशेवर वर्षाचे वीस रुपये. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, पण मी खोटं सांगणार नाही. बचत खातं श्रीमंत करत नाही, पैसे सांभाळतं. त्यातही एक खोच आहे. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. नऊ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज आहे, बारा तारखेला भरलेल्याला नाही. जत्रेचे पैसे कधी भरायचे, ते आता तुम्हीच ठरवा.

वाढवायचे असतील तर आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. महिन्याला १०० रुपये, पाच वर्षं. अकराव्या वर्षी सुरू केली तर सोळाव्या वर्षी, दहावी झाल्याच्या सुमारास, हातात येते. सध्याच्या ६.७ टक्के दराने भरलेल्या ६,००० रुपयांचे साधारण ७,१३६ होतात. पण हप्ता चुकला की महिन्याला शंभरामागे एक रुपया दंड बसतो, आणि ओळीने चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. तीन वर्षांनी मधेच मोडली, तर व्याज बचत खात्याच्याच दराने. आपल्याकडे आरड्या जून-जुलैत बुडतात, कारण तेव्हा घरात पैसा नसतो. त्यावर एक उपाय पोस्टाच्या नियमातच आहे, पण खिडकीवर कुणी विचारत नाही : हप्ते आगाऊ भरता येतात. भात विकल्यावर बारा हप्ते एकदम भरले, तर शंभराच्या खात्याला ४० रुपये सूट मिळते, सहा भरले तर १०. महिन्याच्या पगारावर न जगणाऱ्या घरासाठी हेच बरं. एवढंही एकदम जमणार नसेल तर आरडी काढूच नका, साधं बचत खातं ठेवा.

मुलाचे पैसे ठेवायचे कुठे, हेही पालक विचारतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, सहकारी बँकेतही. पोस्टाच्या मागे सरकार असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तो ठेव विमा नाही. पतसंस्था चांगली असू शकते, दारात येणारा पिग्मीवाला ओळखीचा असू शकतो, पण लेकराचं पहिलं खातं मी तरी तिथे काढणार नाही. आणि पैसे कुठेही भरा, नोंद पासबुकात झालेली पाहिल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही सवय मुलालाच लावा. मोठी माणसं संकोच करतात, मुलं बिनधास्त विचारतात.

आठवीच्या मुलांसाठी थोडं. तुमच्यातले काही जण एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतील. पास होऊन निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. तेव्हा घाईघाईने खातं काढायला धावू नका, आधीच काढलेलं असू द्या. बँकेत दोन वर्षं काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं, म्हणून वर्षातून निदान एकदा तरी भरा किंवा काढा. वडिलांनी सिम बदललं तर खात्याला जोडलेला नंबरही बदला. आणि पालकांनो, ते १२,००० आले की त्यातून काय घ्यायचं, याची चर्चा मुलीला समोर बसवून करा. पैसे तिच्या परीक्षेचे आहेत.

अठरा पूर्ण झाली की सही पुन्हा द्यावी लागते. नवा अर्ज, नवी कागदपत्रं. हे माहीत नसल्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाचं खातं नेमकं प्रवेशाच्या वेळी अडतं. वाढदिवसानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते काम उरकून टाका.

मुलांच्या नाचाला उशीर होतोय, आवरतो. ज्यांना दहा वर्षं पूर्ण झाली आहेत आणि ज्यांचं खातं नाही, त्यांनी या महिन्यात आई किंवा वडिलांना घेऊन पोस्टात जावं. जन्माचा दाखला, आधार, फोटो, पालकांचं आधार आणि ५०० रुपये बरोबर न्यावेत. आणि पालकांनो, तुम्ही शेजारी उभे राहा, फॉर्म कुठे भरायचा ते दाखवा, पण पेन पोराच्या हातात द्या.