आधी मोजा, मग बेरीज करा

नोएडातल्या आमच्या मंडळाचा हिशेब मी लिहितो. सभेच्या आदल्या रात्री बँक स्टेटमेंटचा सारांश पाहिला: नावे नोंदी २३, एकूण १,३१,४५० रुपये. माझ्या एक्सेलमध्ये नोंदी २२, बेरीज १,२८,९५०. जमेची बाजू जुळत होती. म्हणजे खर्चाची एक नोंद सुटली होती, २,५०० रुपयांची.

मग शिल्लकेचा रकाना ओळीने तपासला. पान बदलताना शिल्लक मधल्या नोंदीशिवायच २,५०० रुपयांनी उतरली होती. पीडीएफमधून उतरवताना नव्या पानाची पहिली ओळ गळली होती.

नोंदींची संख्या जुळली असती आणि बेरीज चुकली असती, तर गळलेली ओळ नव्हे, चुकीची टिपलेली रक्कम शोधली असती. म्हणून आधी नोंदी मोजाव्यात.