हृदयाचे चार कप्पे

माणसाचे हृदय हा एक पंप आहे असे म्हणण्याची रीत आहे. खरे तर ते एकमेकांना चिकटून बसलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून परत आलेले रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून आलेले रक्त साऱ्या शरीराला पुरवतो. प्रत्येक पंपाला वर एक पातळ भिंतीचा कप्पा असतो आणि खाली एक जाड भिंतीचा. वरच्याला अलिंद म्हणतात आणि खालच्याला निलय. जुन्या पाठ्यपुस्तकांत हेच कर्णिका आणि जवनिका या नावांनी भेटतात. दोन पंप आणि प्रत्येकाचे दोन कप्पे, असे मिळून चार होतात. तेव्हा मूळ प्रश्न दोनच उरतात: पंप दोन का, आणि प्रत्येक पंपाला दोन कप्पे का?

भुसावळच्या मटण मार्केटातून बोकडाचे एक हृदय आणून ते मधोमध आडवे कापले, तर पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर डोळ्यांना दिसते. कापात दोन पोकळ्या उघड्या पडतात. डावी पोकळी गोलसर असते आणि तिची भिंत बोटाएवढी जाड, कापताना सुरी अडावी इतकी घट्ट. उजवी पोकळी चंद्रकोरीसारखी डावीला वेढून बसलेली असते आणि तिची भिंत चिमटीत सहज दुमडते. माणसाच्या हृदयातही हेच प्रमाण आहे. डाव्या निलयाची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते, उजव्याची तिच्या जेमतेम एक तृतीयांश. रक्त मात्र दोन्ही निलय सारखेच ढकलतात, विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर. फरक आहे तो दाबाचा. डावा निलय आकुंचन पावतो तेव्हा आतला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून मोजतात तो वरचा आकडा हाच. उजव्या निलयात तो २५ च्या आसपासच राहतो.

इतका फरक कशासाठी, हे रावेर-यावलच्या केळीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. विहिरीतून पाणी उचलून उंचावरच्या शेतापर्यंत न्यायला मोटरीचा जोर लागतो. पण तोच जोर थेट ठिबकच्या बारीक नळ्यांत सोडला, तर जोड निसटतात आणि नळी फाटते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्या नळ्यांहून कितीतरी नाजूक आहेत. तिथे रक्त आणि श्वासातली हवा यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे, कारण तेवढा पातळ असल्याशिवाय प्राणवायू रक्तात झटपट उतरत नाही. दाब वाढला, की या पडद्यातून रक्तातले पाणी हवेच्या बाजूला झिरपते आणि माणूस आतल्या आत बुडू लागतो. म्हणून फुप्फुसांना कमी दाब हवा. उलट मेंदू, मूत्रपिंडे आणि पायांच्या पोटऱ्यांपर्यंत रक्त पोचवायचे तर जास्त दाब हवा. एकाच पोकळीत एकाच क्षणी दोन दाब राहू शकत नाहीत. म्हणून मधे सलग, भोक नसलेला पडदा हवा.

सगळ्याच प्राण्यांना ही गरज पडली नाही. तापीतल्या रोहूच्या हृदयात एक अलिंद आणि एक निलय असतो. रक्त हृदयातून कल्ल्यांत जाते आणि तिथूनच परस्पर शरीरात. कल्ल्यांच्या बारीक जाळीतून जाताना दाब बराचसा खर्च होतो आणि शरीराला उरलासुरला दाब मिळतो. माशाचे शरीर पाण्याने तोललेले आणि पाण्याइतकेच थंड असल्याने एवढ्यावर भागते. बेडकाला दोन अलिंद, पण निलय एकच; शुद्ध-अशुद्ध रक्त त्यात काही प्रमाणात मिसळते. ही उणीव मानण्याचे कारण नाही. बेडूक ओल्या कातडीनेही श्वास घेतो, आणि पाण्याखाली असताना फुप्फुसांकडे रक्त पाठवण्यात त्याला लाभ नसतो. भिंतीवरच्या पालीच्या निलयात पडदा असतो, पण अपुरा. मगरीत तो पुरा झालेला आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी यांनी मात्र हा पूर्ण पडदा स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वाटांनी मिळवला. दोघेही उष्ण रक्ताचे आहेत. भुसावळच्या उन्हाळ्यातही आणि पौषातल्या थंडीतही शरीर एकाच तापमानाला ठेवायचे, तर तेवढ्याच वजनाच्या सरड्यापेक्षा कितीतरी पट प्राणवायू लागतो. तेवढा पुरवठा मिसळलेल्या रक्ताने आणि कमी दाबाने होत नाही.

दुसरा प्रश्न अलिंदांचा. निलय आकुंचन पावत असतो तेव्हा त्यात रक्त शिरू शकत नाही, पण शिरांतून येणारे रक्त थांबत नाही. ते तेवढा वेळ अलिंदात जमते. अलिंद म्हणजे प्रतीक्षालय. म्हणून त्याची भिंत पातळ आणि सैल. निलय सैल पडला, की मधली झडप उघडते आणि जमलेले रक्त बहुतेक आपोआप खाली उतरते. शेवटी अलिंद हलकेच आवळतो आणि उरलेला पाचवा हिस्सा, कधी थोडा अधिक, खाली लोटतो. म्हातारपणी पुष्कळांच्या अलिंदांची लय बिघडते. ते नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरतात, तरी माणूस चालतो-फिरतो, कारण मुख्य भरणी त्याविनाही होते. जिना चढताना लागणारी धाप मात्र त्या गेलेल्या हिश्श्याची आठवण देते.

आता रक्ताचा मार्ग. डोके व हातांकडून एक आणि धड व पायांकडून एक अशा दोन महाशिरा उजव्या अलिंदात उघडतात. तिथून तीन पाकळ्यांच्या झडपेतून रक्त उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुस-धमनीने दोन्ही फुप्फुसांत जाते. तिथे कार्बन डायऑक्साइड टाकून, प्राणवायू घेऊन ते बहुधा चार शिरांनी डाव्या अलिंदात येते, दोन पाकळ्यांच्या झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीतून सर्वत्र पसरते. दोन्ही निलयांच्या बाहेरच्या तोंडाशी आणखी एकेक झडप असते. या चारही झडपा एकाच दिशेने उघडतात. अलिंद-निलयांमधल्या झडपांच्या कडांना पांढरे, चिवट दोर बांधलेले असतात. बोकडाच्या हृदयात ते बोटाने ताणून पाहता येतात. निलय आवळताना पाकळ्या उलट्या फिरू नयेत म्हणून ते तंबूच्या ताणांसारखे धरून ठेवतात. छातीला कान लावल्यावर ऐकू येणारा पहिला ठोका आतल्या दोन झडपा मिटल्याचा असतो आणि दुसरा बाहेरच्या दोन झडपा मिटल्याचा.

शाळेतल्या आकृतीमुळे इथे दोन गैरसमज पक्के होतात. पहिला म्हणजे निळे रक्त. शिरेतले रक्त निळे नसते, गडद लाल असते. आणि विश्रांतीत त्यात सुमारे तीन चतुर्थांश प्राणवायू शिल्लकच असतो, तेव्हा ‘अशुद्ध’ हा शब्दही जरा अन्यायाचाच. दुसरा समज असा, की आधी उजवी बाजू चालते आणि मग डावी. प्रत्यक्षात दोन्ही अलिंद एकत्र आवळतात आणि त्यानंतर दोन्ही निलय एकत्र. एका थेंबाचा प्रवास क्रमाने होतो, पंप मात्र एकाच वेळी चालतात.

एकत्र चालतात म्हणून हिशेबही जुळावा लागतो. समजा, मिनिटाला ७२ ठोके पडतात आणि डावा निलय उजव्यापेक्षा प्रत्येक ठोक्याला फक्त एक मिलिलिटर रक्त कमी ढकलतो. तासाभरात ४ लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत अडकेल, म्हणजे माणसाचे जवळजवळ सगळेच. तसे होत नाही, कारण ज्या निलयात रक्त जास्त भरते त्याचा स्नायू जास्त ताणला जातो आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आवळतो. हिशेब ठोक्या-ठोक्याला आपोआप जुळतो.

मधला पडदा काय करतो हे तो अपुरा राहिला, की उमगते. निलयांमधल्या पडद्याला जन्मतः मोठे भोक असलेले, चार महिन्यांचे, पाचेक किलोचे बाळ घ्या. त्याच्या शरीराला एका ठोक्याला ८ मिलिलिटर रक्त लागते असे धरू. डावीकडचा दाब जास्त असल्याने आणखी ८ मिलिलिटर भोकातून उजवीकडे निसटतात. ते फुप्फुसांत जातात आणि डावीकडेच परत येतात. म्हणजे फुप्फुसांतून १६ मिलिलिटर फिरतात, आणि डाव्या निलयाला १६ ढकलून शरीराला ८ च देता येतात. रक्त फुकट फेऱ्या मारत राहते. उजवीकडे शिरते ते प्राणवायूयुक्त रक्त असल्याने बाळ निळे पडत नाही आणि घरच्यांना हृदयाची शंका येत नाही. त्यांना दिसते ते वेगळे: बाळ दूध पिताना मधेच थांबते, धापा टाकते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, कफ-न्यूमोनिया परत परत होतो. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत यातले फारसे काही नसते. त्या काळात फुप्फुसांच्या वाहिन्या अजून आकसलेल्या असतात आणि उजवीकडचा दाबही चढाच असतो. पुढच्या सहा-आठ आठवड्यांत त्या सैलावतात, उजवीकडचा अडसर कमी होतो आणि रक्त वाट सापडल्यासारखे तिकडे धावू लागते. ‘जन्मला तेव्हा चांगला होता’ हे आईचे बोलणे म्हणून खरेच असते.

स्टेथोस्कोपमधला आवाज इथे फसवू शकतो. लहान भोकातून रक्त चिळकांडीसारखे जाते आणि आवाज मोठा येतो. अशी अनेक भोके वाढत्या वयात आपोआप बुजतात. मोठ्या भोकाचा आवाज उलट सौम्य असू शकतो. त्याहून मोठी फसगत पुढे आहे. वर्षानुवर्षे चढ्या दाबाचा मारा सोसून फुप्फुसांच्या वाहिन्या जाड आणि ताठ होतात. त्यामुळे तिकडचा ओघ घटतो, धाप कमी झाल्यासारखी वाटते, मूल बरे झाले असे घरच्यांना वाटते. काही वर्षांनी उजवा दाब डाव्याच्या वर जातो, प्रवाह उलटतो आणि ओठ-नखे निळी पडतात. त्या अवस्थेत भोक बुजवले तर उजव्या निलयाची एकमेव मोकळी वाट बंद होते, म्हणून ते बुजवता येत नाही. मोठे भोक बंद करायचे ते बहुधा पहिल्या वर्षाच्या आतबाहेर.

हजार जन्मांमागे आठ-दहा बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, आणि त्यांत निलयांमधले भोक सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. अशा दोषांसह मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. निदान टू-डी इकोने होते. त्यात सुई नाही, चीर नाही, क्ष-किरण नाहीत. दूध पिताना घामाघूम होणारे आणि वजन न धरणारे बाळ घरात असेल, तर पथकाची वाट न पाहता त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि हृदय तपासायला सांगावे.