पाळी चुकण्याआधीचा एक्स-रे



या भाषणासाठी मी एकच विषय निवडला आहे, कारण तो तुमच्या-माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतो. दिवस गेल्याचं कळण्याआधी बाईचा एक्स-रे निघालेला असतो, तिनं काही गोळ्या घेतलेल्या असतात, एखाद्या समारंभात मद्य घेतलेलं असतं. मग टेस्टवर दोन रेघा येतात आणि आनंदाआधी भीती येते. पुढच्या दहा मिनिटांत आपण काय बोलतो, यावर ते गर्भारपण पुढे जाणार की थांबणार, हे ठरतं.

चुकीच्या सल्ल्याची किंमत किती असते, ते ग्रीसमध्ये दिसलं. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. ग्रीसच्या लोकांना त्यातून मिळालेला जादा किरणोत्सर्ग फार तर एका मिलिसिव्हर्टच्या घरातला होता. त्यानं गर्भाला व्यंग येण्याचं काही कारण नव्हतं. पण अफवा उठल्या आणि डॉक्टरांनाही ठाम उत्तर देता आलं नाही. 1987 च्या पहिल्या महिन्यांत तिथल्या जन्मांची संख्या एकदम खाली आली. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अथेन्सच्या संशोधकांनी अंदाज मांडला की अपघाताच्या वेळी सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे 23 टक्के पाडल्या गेल्या असाव्यात. म्हणजे हव्याहव्याशा सुमारे अडीच हजार गर्भधारणा. ते नुकसान किरणांनी केलेलं नव्हतं.

आपल्याकडे हेच एकेका बाईच्या बाबतीत घडतं, म्हणून त्याची कुठे नोंद होत नाही. अशीच एक केस सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

सव्वीस वर्षांची शिक्षिका, पहिलीच खेप. स्कूटरवरून पडली म्हणून 2 जुलैला तिचे कमरेचे दोन आणि ओटीपोटाच्या हाडांचा एक, असे तीन एक्स-रे निघाले. पाच दिवस डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल चाललं. पाळी आठवडाभर लांबली म्हणून 14 जुलैला टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. जवळच्या दवाखान्यात तिला सांगितलं गेलं, “कमरेचा एक्स-रे झालाय, रिस्क नको, पिशवी साफ करून घ्या. वय लहान आहे, पुढच्या वेळी बघू.” सासूबाईंना घेऊन ती माझ्याकडे आली ती गोळ्यांची चिठ्ठी हातात धरूनच. तिचा प्रश्न एकच होता, “मॅडम, बाळ व्यंगाचं होईल का हो?”

पहिलं काम तारखांचं. शेवटची पाळी 2 जूनची. सर्वसाधारण हिशेबानं गर्भधारणा सोळा जूनच्या आसपास धरली, तर एक्स-रे त्यानंतर सोळाव्या दिवशी पडतो, अवयव घडण्याच्या अगदी उंबरठ्यावर. पण तिची पाळी दर 35 दिवसांनी येते, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. अशा पाळीत बीज विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं, म्हणजे 22 जूनच्या आसपास. 30 जुलैच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी 12 मिलिमीटर भरली, म्हणजे साधारण सात आठवडे तीन दिवस. पाळीच्या तारखेपेक्षा सहा दिवस कमी. दोन्ही हिशेब जुळले. एक्स-रे गर्भधारणेनंतर दहाव्या दिवसाच्या आसपास झाला होता.

या सहा दिवसांना महत्त्व आहे. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ म्हणजे एकसारख्या, एकमेकींची जागा घेऊ शकणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका असतो. हात, हृदय, मणका यांची विभागणी अजून व्हायची असते. मोठी इजा झाली तर गर्भ रुजत नाही किंवा टिकत नाही, आणि टिकला तर उरलेल्या पेशी ती इजा भरून काढतात. व्यंग घडण्याचा खरा काळ त्यानंतरचा, गर्भधारणेपासून तिसरा ते आठवा आठवडा. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर पाचवा ते दहावा.

पण एवढ्यावर थांबू नका, अशी माझी विनंती आहे. तारीख दोन-चार दिवस इकडेतिकडे होऊ शकते, आणि ‘अजून अवयव बनले नव्हते’ एवढ्याच आधारावर दिलेला दिलासा तेवढाच डळमळीत असतो. शिवाय काही औषधं शरीरात आठवडेच्या आठवडे राहतात, त्यांना हा नियम लावताच येत नाही. म्हणून दुसरं काम मात्रेचं.

गर्भाला पोचणारी किरणांची मात्रा मिलिग्रेमध्ये मोजतात. छातीच्या किंवा दाताच्या एक्स-रेत गर्भाला पोचते ती मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहूनही कमी. हातापायाच्या एक्स-रेत त्याहून नगण्य. कमरेच्या मणक्याच्या तपासणीत एक ते दहा. ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दहा ते पन्नास. आणि काहीही तपासणी न करता, जमिनीतून आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांमुळे नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे प्रत्येक गर्भाला मिळतोच.

या शिक्षिकेच्या तीन फिल्म्सचा हिशेब सगळ्यात वाईट बाजूनं धरला, तरी तो पंधरा मिलिग्रेच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात तो बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी असेल. आता मर्यादा पाहा. पन्नास मिलिग्रेच्या खाली व्यंगांचं किंवा गर्भपाताचं प्रमाण वाढल्याचा पुरावा नाही. आणि आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं 2000 सालीच स्पष्ट लिहिलं आहे की शंभर मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा हे गर्भपाताचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे तारीख सहा दिवसांनी चुकली असती, एक्स-रे ऐन अवयव घडताना झाला असता, तरी उत्तर तेच राहिलं असतं.

बालपणीच्या कर्करोगाबद्दल बाई विचारते, तेव्हा तो प्रश्न टाळू नका. किरणं न मिळालेल्या हजार मुलांपैकी सुमारे 997 मुलांना बालपणी कर्करोग होत नाही. दहा मिलिग्रे मिळालेल्यांत हा आकडा 996 होतो. वाढ आहे, पण ती हजारात एकाच्या आसपास आहे. मी तिला हे दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखवले. सासूबाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मग काढायला सांगितलं ते कशासाठी?”

तिसरं काम, मूळचा धोका सांगण्याचं. काहीही न घेतलेल्या, एकही तपासणी न झालेल्या शंभर गर्भवतींमागे सुमारे तीन बाळांना जन्मतः मोठं व्यंग असतं, आणि कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण पंधरा टक्के आपोआप पडतात. हे आधी सांगितलं नाही, तर पुढे जे काही होईल त्याचं खापर ती त्या एक्स-रेवर फोडते. टोरोंटोच्या संशोधकांनी 1989 मध्ये निरुपद्रवी औषधं घेतलेल्या गर्भवतींना त्यांच्या मनातला धोका विचारला. त्यांनी सरासरी 24 टक्के सांगितला. खरा आकडा तीनच्या आसपास. या दोन आकड्यांमधलं अंतर बोलून कमी करणं, हेच आपलं काम आहे.

औषधांबाबतही हेच तीन प्रश्न: कधी, किती, आणि कुठलं. पॅरासिटामॉल, जुलाबावरची ऑफ्लॉक्सॅसिन, चार-पाच दिवसांचं डायक्लोफिनॅक ही औषधं अनवधानानं घेतल्यावर मोठ्या व्यंगांचं प्रमाण ठळकपणे वाढल्याचं दिसलेलं नाही. वेदनाशामक गोळ्या पुढे, विशेषतः वीस आठवड्यांनंतर, टाळायच्या. पण सगळ्यांना सरसकट ‘काही होत नाही’ म्हणणंही तितकंच घातक. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्या गर्भांत पाचात एक ते तिनात एक इतकी व्यंगं आढळतात. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटमध्ये ती शंभरात दहाच्या घरात. मेथोट्रेक्सेट आणि वॉरफरिन ही याच यादीतली. फिट्सची गोळी मात्र भीतीनं एका दिवसात बंद करायची नाही, कारण झटका आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचा. त्या बाईला त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे दुकानातून परस्पर आणलेलं गर्भपाताचं किट. गोळ्या घेतल्या, थोडा रक्तस्राव झाला, आणि गर्भ तसाच राहिला. मिसोप्रोस्टॉलनं चेहऱ्याच्या नसांची आणि हातापायांची व्यंगं होऊ शकतात. सगळ्यांत होत नाहीत, पण धोका खरा आहे. या बाईशी आपलं बोलणं वेगळं असलं पाहिजे, आणि तिच्या सोनोग्राफ्याही अधिक बारकाईनं झाल्या पाहिजेत.

मद्याची सुरक्षित मात्रा गर्भारपणात कुणालाही ठरवता आलेली नाही, म्हणून कळल्या दिवसापासून पूर्ण बंद. पण पाळी चुकण्याआधी लग्नात घेतलेल्या एक-दोन ग्लासांनी बाळाला इजा झाल्याचा पुरावा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. रोज किंवा एका बैठकीत भरपूर पिणाऱ्या बाईची गोष्ट निराळी. ती खरं सांगेल, ते आपण न रागावता विचारलं तरच. म्हणून नवरा-सासू बाहेर बसलेले असताना विचारा.

आपल्या कायद्यानं बाईला गर्भपाताचा मार्ग दिला आहे आणि तो तिच्या संमतीवर चालतो. त्याचा मान आपण राखलाच पाहिजे. पण ज्या बाईला मूल हवं आहे, तिनं खोट्या आकड्याला घाबरून घेतलेल्या निर्णयाला तिची संमती म्हणता येत नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन ठोस सूचना ठेवते. एक, अशा प्रत्येक केस पेपरवर शेवटच्या पाळीची तारीख, पाळी किती दिवसांची, तपासणीची किंवा औषधाची तारीख, आणि फिल्म्सची संख्या किंवा गोळीचं नाव-मात्रा लिहावी. दोन, एक्स-रे केंद्रातल्या सहकाऱ्यांनी भिंतीवरच्या पाटीवर विसंबू नये. पोट-कमरेच्या फिल्मआधी प्रत्येक बाईला शेवटच्या पाळीची तारीख तोंडी विचारून नोंदवावी, आणि ओटीपोटाचे सीटी एकाहून जास्त झाले असतील तर मेडिकल फिजिसिस्टकडून मात्रा काढून घ्यावी. तीन, तारीख आणि मात्रा लिहिल्याशिवाय आपल्यापैकी कुणीही ‘पिशवी साफ करा’ हा सल्ला देऊ नये.

या तिसऱ्या सूचनेचा ठराव दुपारच्या सत्रात मी मांडणार आहे. त्यावर चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण तो आजच संमत करूया.