दाराची मागची बाजू

पुण्याच्या पेठेतला एखादा वाडा उतरतो, तेव्हा त्याचे सुरूदार खांब आणि नक्षीची चौकट जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. तिथे त्यांची ओळख एका दमात सांगितली जाते: ‘बर्मा सागवान, पेशवेकालीन.’ या तीन शब्दांत तीन वेगळे दावे आहेत. लाकूड कोणतं, ते घडवलं कधी आणि घडण कोणत्या धाटणीची. माझं म्हणणं असं की, या तिन्हींचे पुरावे वस्तूवर वेगवेगळ्या जागी असतात आणि आपण ज्या नक्षीकडे आधी पाहतो, ती काळाच्या बाबतीत सर्वांत कच्चा साक्षीदार आहे.

लाकडापासून सुरुवात करू. रंगावर विसंबता येत नाही. धूर, तेलपाणी आणि पॉलिश यांनी सागवानही शिसवासारखं काळं दिसतं. म्हणून खांबाच्या टोकाचं कुसू पाहावं. ते तुळईत दडलेलं असल्यामुळे त्याला पॉलिश लागलेलं नसतं. धारदार पटाशीने त्याच्या आडव्या छेदाचा नखाएवढा पापुद्रा काढावा, ती जागा ओली करावी आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहावं. सागवानात दर वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते आणि ताज्या कापाला चामड्यासारखा तेलकट वास येतो. शिसवात छिद्रं विखुरलेली असतात, काप जांभळट असतो आणि लाकूड हाताला बरंच जड लागतं. ऐनातही छिद्रं विखुरलेलीच, पण प्रत्येकीभोवती फिकट कडं असतं. फणस आतून पिवळा निघतो. मात्र भिंग ‘सागवान’ एवढंच सांगतं. ते ब्रह्मदेशाचं की आपल्याकडच्या रानातलं, हे या छेदावरून ठरत नाही. वखारीतला ‘बर्मा’ हा शब्द कागदोपत्री पुरावा नसेल तर सोडून द्यावा.

आता काळ. सुरूच्या आकाराचा निमुळता खांब, वर केळफुलाची नक्षी, दोन खांबांमध्ये महिरप, चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी. हे दिसलं की पेशवाई, असं म्हणायची रीत आहे. धाटणी पेशवाईतली आहे, यात वाद नाही. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जात ती पुरेपूर भेटते आणि तो वाडा १८०७च्या सुमारास पुरा झाला. पण १८१८ साली राज्य गेलं म्हणून सुतारांनी हत्यारं खाली ठेवली नाहीत. तीच नक्षी पुढे कित्येक दशकं सावकारांच्या आणि इनामदारांच्या वाड्यांत कोरली गेली. शिवाय १८७९ साली विश्रामबागवाड्याला आग लागली आणि जळालेला भाग नंतर पुन्हा उभा राहिला. म्हणजे एकाच वाड्यात दोन काळांचं काम असू शकतं. धाटणी फार तर ‘याच्या आधीचं नाही’ एवढं सांगते.

म्हणून दार उलटं करावं. समजा, एका दाराच्या मागच्या बाजूला वाकसाचे उथळ, असमान घाव आहेत, फळी बिजागरीवर नाही तर स्वतःतूनच काढलेल्या खुंटीवर फिरते आणि लोखंड उपटलेली भोकं चौकोनी, आत निमुळती होत गेलेली आहेत. हे हातघडणीचं काम आहे. त्याच्याच गणेशपट्टीमागे मात्र करवतीच्या कमानदार रेघा एकसारख्या अंतरावर दिसल्या, तर ती पट्टी यंत्रावरच्या गोल करवतीने कापलेली आहे आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची धरावी. गोल तारेचा खिळा तेवढ्याने काही ठरवत नाही. तो नंतरच्या डागडुजीचा असू शकतो. त्याच्याशेजारी जुनं चौकोनी भोक आहे का, ते पाहावं. खांबावर कशालाच न जुळणारी रिकामी खाच सापडली, तर तो खांब आधी दुसऱ्या घरात उभा होता, असं समजावं. अशा वेळी घराच्या बांधकामाचं साल खांबाला लावणं चूक ठरतं.

यावर कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत कार्बनची चाचणी करा आणि वाद मिटवा. ती चाचणी झाडाचं ते वलय कधी वाढलं, ते सांगते. ते कोरलं कधी, हे नाही. त्यातून साधारण १६५०नंतरच्या लाकडासाठी तिचं उत्तर एका सालाभोवती न येता दूरदूरच्या अनेक कालखंडांत विखुरतं. आपला सगळा प्रश्न नेमका त्याच काळातला आहे. दुसरा आक्षेप असा की, हातघडणीचं काम आजही होतं. खरं आहे, म्हणून वाकसाचा एक घाव पुरेसा नाही. त्या घावांवर धुराचा थर चढलेला असावा, उंबरठ्याशी झीज जिथे पाय आणि हात लागतात तिथेच असावी आणि जोड व भोकं एकमेकांशी जुळावीत. एवढं जुळूनही उत्तर काही दशकांच्या पट्ट्यातच मिळतं, आणि तसंच ते लिहावं.

वाडा उतरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. काढण्याआधी प्रत्येक भागावर खडूने क्रमांक घाला आणि जागेवरच फोटो घ्या. तळखडा आणि खांब एकत्र ठेवा. आणि विकण्यापूर्वी दार कॉस्टिक सोड्याने धुऊन, मागून रंधा मारून ‘स्वच्छ’ करू नका. वाकसाचे घाव आणि धुराचा थर त्यात पहिल्या तासाभरात जातात.