हंगाम संपला, डिस्क राहिली



आपल्याकडचा द्राक्षांचा हंगाम जानेवारीत जोर धरतो आणि एप्रिलमध्ये आटोपतो. समजा, निर्यातदारांचे हिशेब ठेवणारी नाशिकची एक छोटी कंपनी तेवढ्या चार महिन्यांसाठी अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतील क्लाउडवर सर्व्हर घेते. सोबत ५०० जीबीचे डेटा व्हॉल्यूम जोडते आणि रोज रात्री त्याचा स्नॅपशॉट घेते. एप्रिलअखेर सर्व्हर कायमचा काढून टाकला जातो. तरी मेचे बिल येतेच.

का? सर्व्हर काढला की त्याची मूळ डिस्क सहसा आपोआप जाते. नंतर जोडलेले व्हॉल्यूम मात्र मुद्दाम सांगितल्याशिवाय जात नाही. ते सुटे होऊन available या अवस्थेत पडून राहते. भाडे ठरते ते राखून ठेवलेल्या जागेवर. ती वापरली की नाही, याच्याशी भाड्याचा संबंध नाही. gp3 प्रकाराचा मुंबईतील दर जीबीमागे महिन्याला सुमारे ९ सेंट धरला, तर ५०० जीबीचे ४५ डॉलर होतात.

अशी व्हॉल्यूम शोधायला एक आज्ञा पुरते:

```
aws ec2 describe-volumes --region ap-south-1 \
  --filters Name=status,Values=available
```

ही आज्ञा एकाच रीजनची यादी देते. कोणी चाचणीसाठी सिंगापुरात डिस्क घेतली असेल, तर ती इथे दिसणार नाही. म्हणून प्रत्येक रीजनसाठी ती पुन्हा चालवावी लागते.

आता स्नॅपशॉटकडे वळू. यादीत १२० स्नॅपशॉट दिसतात आणि प्रत्येकापुढे ५०० जीबी लिहिलेले असते. बेरीज ६०,००० जीबी! पण तो आकडा मूळ व्हॉल्यूमच्या आकाराचा आहे, साठवणुकीचा नाही. पहिल्या स्नॅपशॉटमध्ये लिहिलेला सगळा भाग जातो, पुढच्यांत फक्त बदललेला. व्हॉल्यूमवर ३०० जीबी लिहिलेले असेल आणि रोज दोन जीबी बदलत असेल, तर साठा साधारण ५४० जीबी होतो. जीबीमागे पाच सेंटने त्याचे महिन्याला २७ डॉलर.

यातले जुने ११९ पुसले तर शेवटचा निकामी होईल का? नाही. त्याला लागणारे भाग क्लाउड राखून ठेवतो. पण त्याच कारणाने बचतही अपेक्षेपेक्षा कमी होते. रोजचे बदल जुन्याच जागेवर होत असतील, तर साधारण २४० जीबी मोकळे होतील, म्हणजे बारा डॉलर. रोज नवीनच नोंदी भरल्या जात असतील, तर जवळजवळ काहीच वाचणार नाही. म्हणून आधी हात घालावा तो सुट्या व्हॉल्यूमला.

मात्र सुटे म्हणजे निरुपयोगी नव्हे. कुबरनेटीसमध्ये एखादी सेवा रात्रीपुरती शून्यावर आणली, तरी तिचे व्हॉल्यूम available दिसते. सकाळी सेवा तेच मागते. अशा व्हॉल्यूमच्या टॅगमध्ये बहुधा kubernetes.io ने सुरू होणारे नाव असते. ते दिसले की आधी क्लस्टर सांभाळणाऱ्याला विचारावे. टॅग नसेल, तर व्हॉल्यूम कोणी सुटे केले याची नोंद CloudTrail मध्ये पाहावी. पण तिथला सहज शोधता येणारा इतिहास ९० दिवसांचाच असतो.

स्नॅपशॉटचे वय हाही पुरावा नव्हे. तीन वर्षांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर आजही वापरात असलेली सर्व्हरची प्रतिमा, म्हणजे एएमआय, उभी असू शकते. नोंदणी असलेल्या एएमआयच्या मूळ डिस्कचा स्नॅपशॉट पुसायला गेलात, तर क्लाउड InvalidSnapshot.InUse म्हणून नकार देतो. घाईत एएमआयची नोंदणी काढून तो नकार टाळणे धोक्याचे आहे. गर्दीच्या दिवशी नवे सर्व्हर आपोआप उभे करणारी व्यवस्था तीच प्रतिमा मागत असेल, तर चूक नेमकी त्याच दिवशी उघडी पडते. उलट, एएमआय केव्हाच काढला आणि स्नॅपशॉट मागे राहिला, असेही पुष्कळदा होते. त्याच्या वर्णनात एएमआयचा क्रमांक सापडतो. तो एएमआय आता यादीत नसेल, तर स्नॅपशॉट पुसण्याच्या यादीत घ्यायला हरकत नाही.

आपल्या कंपनीने क्रम असा ठेवावा. सुट्या व्हॉल्यूमचा शेवटचा स्नॅपशॉट घ्यावा. त्यातून नवे व्हॉल्यूम करून ते एखाद्या तात्पुरत्या सर्व्हरला जोडावे आणि डेटाबेस खरोखर उघडतो का ते पाहावे. स्नॅपशॉट कूटबद्ध असेल, तर त्याची किल्ली शाबूत आहे हेही याच वेळी कळते. मग चाचणीचे आणि जुने, अशी दोन्ही व्हॉल्यूम काढावीत. जुने स्नॅपशॉट पुसण्यापूर्वी रीसायकल बिनचा नियम लावावा, कारण पुसल्यानंतर लावलेला नियम मागचे परत आणत नाही. बिनमध्ये असेपर्यंत भाडे चालू राहते, म्हणून मुदत महिनाभराची पुरे.

एवढे केल्यावर आणि बिनची मुदत संपल्यावर, रोजचे बदल जुन्याच जागेवर होत असतील तर, महिन्याचे सुमारे ७२ डॉलर १५ वर येतात. पुढच्या जानेवारीत सर्व्हर घेताना एवढे करा: डिस्कवर मालकाचे नाव आणि ती काढून टाकण्याची तारीख टॅग म्हणून त्याच दिवशी लिहा. ज्या डिस्कला मालक आहे, ती पुसायची की ठेवायची हे एका फोनवर ठरते.