खोडलं, तर का खोडलं तेही लिहा
(कार्यकर्ता शिबिरातलं बोलणं)



पत्रकासाठी बातम्या आता तरुण पोरं-पोरी लिहून आणतात. आपण जुने लोक लाल पेन घेतो, खोडतो आणि वर आपलं वाक्य लिहितो. मीही तेच करायचो. त्यात माझी चूक कशी झाली ते सांगतो.

एका पोराने लिहिलं होतं, "आमच्या अतिक्रमणाच्या जमिनीचे दावे वनखात्याने फेटाळले." मी 'अतिक्रमणाच्या' खोडून 'कसत असलेल्या' लिहिलं. कारण सांगितलं नाही. पुढच्या बातमीत त्याने २००३ची दंडाची पावती उतरवून घेतली. पावतीवर 'अतिक्रमण' होतं, तिथेही त्याने 'कसत असलेली जमीन' केलं. म्हणजे कागदावर एक आणि आपल्या पत्रकात दुसरंच. वाचणाऱ्याला आपण पावतीच बदलली असं वाटेल. चूक त्याची नव्हती. मी शब्द दिला, कारण दिलं नाही.

आता मी ओळीवर आकडा टाकतो आणि समासात कारण लिहितो. तीच बातमी अशी तपासली असती:

१. 'अतिक्रमण' हा खात्याचा शब्द आहे. आपण तो वापरला तर जमीन आपली नाही हे आपणच कबूल करतो. पण पावतीतला शब्द तसाच ठेव. १३ डिसेंबर २००५च्या आधी आपण तिथे कसत होतो, हे खात्याच्याच हाताने लिहिलेलं आहे.

२. 'वनखात्याने फेटाळले' हे चूक आहे. आधी ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती तपासते, मग जिल्हा समिती निर्णय देते. समितीत खात्याचा माणूस असतो, पण एकटं खातं दावा फेटाळू शकत नाही. असं छापलं तर लोक रेंज ऑफिसात चकरा मारतील आणि वरच्या समितीकडे जायची मुदत निघून जाईल. कोणत्या समितीचं पत्र आलं ते बघून लिही.

३. किती दावे? पत्रात कारण दिलंय का? हे तुलाच माहीत. मी भरणार नाही.

तिसऱ्या जागी मी वाक्य दिलं नाही, प्रश्न दिला. गावात तो गेला होता, मी नाही. मी आकडा लिहिला असता तर तो अंदाज झाला असता, आणि छापलेला अंदाज उद्या आपल्याच तोंडावर मारतात.

अजून एक. मला नुसतं आवडलं नाही म्हणून खोडायचं नाही. समासात कारण लिहिता येत नसेल, तर त्याची बोली तशीच राहू द्या.

रात्री पत्रक काढायचं असेल तेव्हा एवढा वेळ नसतो. तेव्हा दुरुस्त करून टाका, पण तो कच्चा कागद फेकू नका. दुसऱ्या दिवशी पोराला शेजारी बसवा आणि आकड्याआकड्याने कारण सांगा. त्याला पटलं नाही तर त्याचंही ऐका. कधी कधी तोच बरोबर असतो.

जिंदाबाद.